उरलेल्या कामाचं बिल

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पैसे देऊन व्हिडिओ करायला सांगितलं, तेव्हा दादाला कागदबिगद काही नको होतं.

"अगं, काका आपल्याला चड्डीत असल्यापासून ओळखतात. त्यांच्याकडून सह्या घ्यायच्या? तोंड कसं दाखवू मी नंतर?"

"तोंड दाखवायचंच तर व्हिडिओ आहे," धाकटी म्हणाली. "सही करून दाखव."

काका म्हणजे चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानाचे मालक. नळ, पाइप, रंग, कुलपं, खिळे, सगळं एका छताखाली. दादा घरातल्या मोडलेल्या वस्तू दुरुस्त करायचा आणि धाकटी त्याचं चित्रीकरण करून त्याच्या चॅनेलवर टाकायची. तो बोलायचा, ती कधीच नाही. तिचा हात क्वचित दिसला तर दिसला, पाना पुढे करताना. बघणारे लोक त्याला 'नळवाले दादा' म्हणायचे, कारण गळणाऱ्या नळाचा त्याचा जुना व्हिडिओ सगळ्यात जास्त चालला होता. काकांनाही तोच आवडला होता. त्यांच्याकडे नळाच्या स्पिंडलचा, म्हणजे मुठीखालच्या फिरत्या दांड्याचा, नवा संच आला होता. जुना झिजलेला स्पिंडल काढून हा बसवला की नळ गळायचा थांबतो, प्लंबर बोलवायला नको. त्यावर व्हिडिओ कर, एवढंच त्यांचं म्हणणं.

धाकटी सकाळी एका लॅबच्या काउंटरवर बसायची. एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवणं हे तिचं काम, त्यामुळे कागदाशिवाय तिला करमायचं नाही. तिने एका पानाचा करार लिहिला. वकिली भाषा नाही, सरळ बोलीत. कोण कुणासाठी काय करणार, व्हिडिओ साधारण केवढा, त्यात काय काय सांगायचं याची यादी सोबत जोडलेली. प्रसिद्ध करण्याआधी काकांना दाखवायचा, एकदा दुरुस्ती फुकट, त्यापुढे वेगळे पैसे. व्हिडिओत तो प्रायोजित आहे हे स्पष्ट सांगायचं. काकांनी तो दुकानाच्या पानावर आणि दुकानातल्या पडद्यावर सहा महिने वापरायचा, नंतर काढायचा. निम्मे पैसे आगाऊ, निम्मे व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यावर बिल मिळालं की पंधरा दिवसांत.

चॅनेल दादाच्या नावाचं, म्हणून सही दादाची. काकांनी काउंटरवरच, रंगाच्या डब्यावर कागद ठेवून सही ठोकली. दादाने सही करताना जीभ बाहेर काढून धाकटीला वेडावून दाखवलं. आगाऊ पैसे त्याच्या खात्यात आले, त्याने त्यांची पावती दिली, आणि रविवारी स्वयंपाकघरातल्या सिंकवर चित्रीकरण उरकलं. आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, मग मूठ काढा, वगैरे. दादा रंगात आला होता. आईने मधेच "भांडी घासू का नको?" असं विचारलं, तेही चित्रित झालं.

त्याच आठवड्यात दादा गेला. सकाळी चहा पिताना छातीत दुखतंय म्हणाला, पलंगावर जाऊन आडवा झाला. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. चाळिशीही गाठली नव्हती, लग्न केलं नव्हतं, करीन करीन म्हणत होता.

माणसं आली, बसली, गेली. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. लोक तिच्याकडे बघून आईला म्हणायचे, हिला रडू दे, आत साचतंय. तिला आत काही साचल्यासारखं वाटत नव्हतं. आत काहीच नव्हतं. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला नसल्यासारखा वाटतो, तसं सबंध अंग झालं होतं. ती लॅबमध्ये परत जाऊ लागली. चिठ्ठ्या चिकटवायची. एकही चूक केली नाही.

मग एका दुपारी काकांचा फोन आला. आधी ते बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, आईची चौकशी केली, घसा खाकरला.

"पोरी, त्या व्हिडिओचं राहू दे हं. मी काही मागत नाही. आगाऊ दिलेत तेही राहू देत."

धाकटीने विचार केला. विचार म्हणजे, समोरच्या भिंतीकडे बघितलं.

"चित्रीकरण झालंय, काका. जोडायचं तेवढं राहिलंय. करते मी."

"बघ बाई. तुला जमेल का?"

"जमेल."

जमलंही. तिलाच आश्चर्य वाटलं. लॅबमधून घरी आल्यावर ती दादाच्या खोलीतल्या टेबलाशी बसायची, हेडफोन लावायची आणि दादा बोलायचा. ती त्याच्या बोलण्यातले 'म्हणजे' काढायची, दोन वाक्यांमधल्या लांब जागा कापायची, पान्याच्या आवाजावर चित्र जुळवायची. दादा हसला की पडद्यावर आवाजाची रेघ उंच व्हायची. धाकटी ती रेघ खाली करायची, फार मोठं नको म्हणून. दाराशी आई येऊन उभी राहायची आणि निघून जायची. व्हिडिओ तयार झाल्यावर धाकटीने करारात लिहिल्याप्रमाणे तो काकांना बघायला पाठवला.

दुसऱ्या दिवशी काकांनी दुकानात बोलावलं. दुकानाच्या मागे एक छोटी खोली होती, तिथे काकांची सूनबाई हिशेब बघायची. एका कपाटात बिलांचे गठ्ठे, टेबलावर कॅल्क्युलेटर आणि कुणीतरी नमुन्याला आणून ठेवलेल्या कड्या. काकांचा मुलगाही होता, दादाच्याच वयाचा. तो स्टुलावर बसून गुडघे हलवत होता.

"झकास झालाय," काका म्हणाले. "अगदी झकास. फक्त ते…"

सूनबाईंनी वाक्य पुरं केलं. त्या बारीक आवाजात बोलायच्या, पण अडखळत नसत.

"गॅरंटी एक वर्षाची आहे, ताई. कंपनीच्या खोक्यावर तसंच छापलंय, तुमच्या यादीतही एक वर्षच लिहिलंय. दादा बोलताना 'दोन वर्षांची' म्हणालेत. तसंच गेलं तर लोक दोन वर्षांनी नळ घेऊन येतील आणि आम्ही काय सांगणार? पैसे देऊन केलेल्या जाहिरातीत चुकीचं बोललं, असं होईल."

धाकटीने मोबाइलवर ते वाक्य पुन्हा ऐकलं. "आणि या संचावर दोन वर्षांची गॅरंटी आहे बरं का!" बरं का म्हणताना दादाने बोट वर केलं होतं. इतक्या वेळा ऐकूनही तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिने चुका शोधल्याच नव्हत्या, फक्त जागा कापल्या होत्या.

"वाक्य काढून टाकते," ती म्हणाली.

"गॅरंटी तर सांगावीच लागेल ना," सूनबाई म्हणाल्या. "यादीत आहे ती."

तेव्हा काकांचा मुलगा पुढे सरकला. "मी एक सांगू? राग मानू नका. आता कॉम्प्युटरला आवाज शिकवता येतो. दादाचे एवढे व्हिडिओ आहेत तुमच्याकडे. तेवढं वाक्य त्याच्याच आवाजात बनवून घ्यायचं. कुणाला कळणारही नाही. मी करून देतो, पैसे नको."

बाहेर दुकानात कुणीतरी पाव इंची पाइप मागत होतं.

"मला विचार करू द्या," धाकटी म्हणाली. तिला राग आला नव्हता. राग यायला हवा होता का, हेही तिला कळलं नाही.

घरी येऊन तिने तो मार्ग आधी स्वतःच्या पद्धतीने चाचपला. यंत्र कशाला, दादाचा खराच आवाज होता की तिच्याकडे. जुन्या व्हिडिओंमध्ये 'एक' हजारदा असणार. एक मिनिट हं. एक काम करा. एक लक्षात ठेवा. ती एकेक व्हिडिओ उघडत बसली, आणि 'एक' सापडला की कापून बाजूला ठेवू लागली. पंखा, मिक्सर, इस्त्री, दाराची बिजागरी. 'वर्षाची' मिळायला वेळ लागला. शेवटी इस्त्रीच्या व्हिडिओत मिळाला. "ही इस्त्री पंचवीस वर्षाची आहे, आमच्या आईएवढी हट्टी." तिथून 'वर्षाची' तेवढं उचललं आणि पंखेवाल्या 'एक'ला जोडलं. आवाजाची उंची थोडी बदलली, मागची गरगर कमी केली.

"आणि या संचावर एक वर्षाची गॅरंटी आहे बरं का!"

जोड अजिबात कळत नव्हता. दादाचं बोट वर गेलं, ओठ मात्र 'दोन' म्हणत होते. तिथे तिने नळाचं जवळून घेतलेलं चित्र टाकलं, तेही झाकलं गेलं. तिने पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. तिला काही वाटण्याची ती वाट बघत होती. काही वाटलं नाही. फक्त एवढंच लक्षात आलं की आता दादा काय म्हणाला होता ते बघणाऱ्याला कधीच कळणार नाही, आणि हळूहळू आपल्यालाही आठवेल तो जोडलेलाच दादा. तो दोन वर्षांची म्हणाला होता. चुकून म्हणाला, हुरूप येऊन म्हणाला, पण तो म्हणाला होता.

तिने तो तुकडा पुसून टाकला आणि मोबाइल तोंडाजवळ धरला. तिचा आवाज त्या चॅनेलवर कधीच आलेला नव्हता. पहिल्या वेळी खोकला आला. दुसऱ्या वेळी ती लॅबमध्ये बोलते तशी बोलली, उद्या संध्याकाळी रिपोर्ट मिळेल अशा सुरात. तिसऱ्या वेळी जे झालं ते तिने ठेवलं.

"दादा इथे चुकून दोन वर्षांची म्हणाला. गॅरंटी एक वर्षाची आहे."

दादाचं वाक्य तसंच, त्याचं बोट वर, आणि त्यानंतर हा आवाज. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'एक वर्ष'. एवढंच.

दुरुस्त व्हिडिओ दाखवायला ती परत त्या मागच्या खोलीत गेली. काकांनी तो उभ्याउभ्या बघितला. तिचा आवाज आल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि नमुन्याच्या कड्यांवर ठेवला.

"हे बरं झालं," ते म्हणाले. "चालेल ना गं?" हे सुनेला.

"गॅरंटी बरोबर आली, दुरुस्ती करारातली फुकटची, ती झाली," सूनबाई म्हणाल्या. "आता पुढचं. करार दादांच्या नावाचा आहे. राहिलेले पैसे कुणाला द्यायचे? त्यांचं खातं…"

"बँकेत कळवलंय. बंद आहे."

"मग त्यांच्या नावाचं बिल मला घेता येणार नाही. आणि तुमच्या नावाचं बिल घेतलं, तर करारात तुम्ही कुठेच नाही. काम तुम्ही केलंय हे मला माहीत आहे, पण आमचे हिशेब तपासायला येतात त्यांना काय दाखवू?"

धाकटीने बॅगेतून कागद काढला. तिने हे आधीच लिहून आणलं होतं. लॅबमध्ये रिकाम्या वेळात, रिपोर्टच्या पाठच्या बाजूला कच्चं, मग स्वच्छ. रात्री रडायच्या ऐवजी मी हेच करते, असं ती बोलणार होती, पण त्याला विनोद म्हणायचा की काय हे तिला ठरवता आलं नाही, म्हणून बोलली नाही.

तोही एकाच पानाचा होता. वर जुन्या कराराचा उल्लेख, तारखेसह. दादा आता नाहीत. चित्रीकरण त्यांनी केलं, त्याचे आगाऊ पैसे त्यांना मिळाले, त्याबद्दल कुणाचं काही येणं नाही. जोडणी, दुरुस्ती आणि प्रसिद्ध करणं हे उरलेलं काम बहिणीचं, उरलेले पैसे तिला द्यावेत. दादांची वारस म्हणून आईची याला संमती आहे. व्हिडिओत दादा जसे दिसतात आणि बोलतात तसेच दाखवायचे. बाकी अटी जुन्याच, सहा महिन्यांचीही.

खाली एक ओळ वेगळी होती. सूनबाईंनी ती मोठ्याने वाचली.

"'दादांचा आवाज किंवा चेहरा यंत्राने तयार करून कोणीही, कशासाठीही वापरणार नाही.'"

काकांच्या मुलाने मान खाली घातली. गुडघे हलायचे थांबले. "मी आपलं मदत म्हणून म्हणालो होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे," धाकटी म्हणाली. "तुम्ही वाईट मनाने नाही म्हणालात. पण उद्या दुसरं कोणी म्हणेल. म्हणून लिहिलं."

"मी साक्षीदार म्हणून सही करू?"

सूनबाईंनी नवऱ्याकडे असं बघितलं की जणू ह्या माणसातून आज पहिल्यांदा कामाची गोष्ट निघाली. "करा," त्या म्हणाल्या.

आईची सही तेवढी राहिली होती. धाकटी घरी आली तेव्हा आई भाजी निवडत होती. धाकटीने कागद समोर ठेवला आणि काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. आईने मधे एकदाच थांबवलं.

"वारस म्हणजे मी?"

"हो."

"पोराची वारस आई," आई म्हणाली. तिने हात पदराला पुसले. "उलटंच लिहिलंय सगळं."

"उलटंच आहे, आई."

आईने सही केली. तिची सही लांबलचक होती, शाळेत गिरवल्यासारखी. मग तिने पुन्हा भाजी जवळ ओढली. धाकटी तिच्यासमोर बसून राहिली.

व्हिडिओ प्रसिद्ध करताना धाकटीने 'सशुल्क जाहिरात आहे' या खुणेच्या चौकटीत टिचकी मारली. वर्णनात दुकानाचा पत्ता, संचाचं नाव, प्रायोजित असल्याचं एक वाक्य. शेवटी एक ओळ लिहिली की दादा आता नाहीत, हा त्यांनी केलेला शेवटचा व्हिडिओ आहे. ती ओळ तिने तीनदा काढली आणि तीनदा परत घातली. काढली तर लोक दादाला प्रश्न विचारत राहिले असते आणि उत्तर कोणी दिलं नसतं. घातली तर नळाच्या स्पिंडलखाली मरणाची बातमी. चौथ्यांदा तिने हात काढून घेतला आणि ओळ राहिली.

बिल करायला ती लगेच बसली. वर 'बिल', बिल क्रमांक १, तारीख. आपलं नाव, पत्ता, बँकेचा तपशील. काकांच्या दुकानाचं नाव, पत्ता. कामाचं वर्णन. पूर्ण रक्कम, त्यातून आगाऊ मिळालेली वजा, उरलेली देय. खाली, आपली कराची नोंदणी नसल्यामुळे कर लावलेला नाही. तिला ते नीटनेटकं वाटलं. सूनबाईंनी मात्र परत पाठवलं.

फोनवर त्या म्हणाल्या, "ताई, पूर्ण रक्कम दाखवू नका. आगाऊ पैशांची पावती दादांच्या नावाची आहे, ती आमच्या वहीत आधीच आहे. तुमच्या बिलात ती परत आली तर तेच पैसे दोनदा दिसतील. तुम्ही फक्त तुमच्या कामाचं लिहा. उरलेलं काम, उरलेली रक्कम. सोबत नवा करार जोडला म्हणून लिहा."

धाकटीने बिल बदललं. दादाचा भाग खोडताना बिल छोटं झालं. एक ओळ राहिली. जोडणी, दुरुस्ती, प्रसिद्धी. तिने छापून घेतलं आणि स्वतः नेऊन दिलं, कारण फाइल पाठवून घरी बसण्यापेक्षा चौकापर्यंत चालणं सोपं होतं.

दुकानात त्या वेळी गिऱ्हाईक होतं. दुकानातल्या पडद्यावर दादा नळाची मूठ काढत होता, आवाज बंद होता. एका बाईने त्याच्याकडे बोट दाखवून तो संच मागितला. काकांनी दिला, आणि बाई गेल्यावर गल्ल्यातून नोटा काढून धाकटीच्या हातात कोंबायला लागले.

"बिलात नको लिहूस. हे वेगळे. आईला दे."

"काका, मी कशात दाखवू हे?"

"कशात म्हणजे? कशातच नाही. मी तुझ्या भावाला…" ते थांबले. मग डोळे पुसत रंगाच्या डब्यांकडे वळले.

धाकटी त्या नोटा हातात धरून उभी राहिली. तिला वाटलं, आता आपणही रडलो तर बरं दिसेल. ते आलं नाही. तिने नोटा काउंटरवर, काचेखालच्या कुलपांच्या किमतींवर ठेवल्या.

"आईला तुम्हीच येऊन द्या, काका. ती कोणाशी बोलत नाही. तुम्ही आलात तर बोलेल."

काका त्याच संध्याकाळी आले. नोटा आणायला विसरले, किंवा विसरल्यासारखं केलं. आईशेजारी बसून त्यांनी दादा लहानपणी त्यांच्या दुकानातून कुलूप घेऊन गेला आणि किल्ली तिथेच विसरला, ते सांगितलं. आई हसली नाही, पण "किल्ली मीच आणायला आले होते," असं म्हणाली. बऱ्याच दिवसांत तिने उच्चारलेलं ते एवढं लांब वाक्य होतं.

पैसे मुदतीच्या आत धाकटीच्या खात्यात आले. फोनवर संदेश आला तेव्हा ती लॅबच्या काउंटरवर होती. तिने तो वाचला, समोरच्या माणसाकडून पावती घेतली आणि त्याच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवली.

घरी आल्यावर आईने पहिल्यांदाच विचारलं, "तो व्हिडिओ दाखवतेस?"

धाकटीने मोबाइल टेबलावर उभा केला. दादा सिंकपाशी आला, मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला सांगितलं. भांडी घासू का नको, हा आईचाच प्रश्न आला, तेव्हा आईने पदर तोंडाला लावला. दादाने बोट वर करून गॅरंटी सांगितली. मग दुसरा आवाज आला.

"हे कोण बोललं?" आईने विचारलं.

"मी."

"तू अशी बोलतेस?"

"बहुतेक."

आई थोडा वेळ ऐकत राहिली. दादा नव्या स्पिंडलवर मूठ बसवत होता. "बरी बोलतेस," आई म्हणाली. "पण हळू बोलतेस. पुढच्या वेळी जरा मोठ्याने बोल."

"बरं," धाकटी म्हणाली. नळ उघडून पाणी गळत नाही हे दादा दाखवत होता, आणि दोघी ते बघत होत्या.